दारावरचा पोचा आणि पाच वर्षांचा बोनस

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांबाला घासली. मागच्या डाव्या दाराला पोचा आला आणि मागचा बंपर एका कोपऱ्यात चिरला. सर्व्हिस सेंटरने १४ हजारांचे एस्टिमेट दिले आणि तिथला माणूस म्हणाला, "क्लेम टाका की, विमा कशासाठी घेतलाय?" घरी सांगितले तर वडील म्हणतात, "चार वर्षांचा नो क्लेम बोनस घालवू नकोस." गाडी १२०० सीसीची आहे. चार वर्षे पुरी होत आली, एकदाही क्लेम केलेला नाही. विम्याचे नूतनीकरण दोन महिन्यांवर आहे. गेल्या वर्षी सगळे मिळून सुमारे ११ हजार भरले. झीरो डेप घेतलेले नाही. आम्ही कोणाचे ऐकायचे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आकडे मांडल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेच ऐकू नका. हा प्रश्न तत्त्वाचा नाही, बेरीज-वजाबाकीचा आहे, आणि ती कागदाच्या एका पानावर मावते. क्लेम केला तर हातात खरोखर किती येईल, बोनस गेल्याने एकूण किती जाईल आणि क्लेम न करता काम कितीत होईल, एवढे तीनच आकडे काढायचे आहेत.

पहिला आकडा काढू. एस्टिमेट १४ हजारांचे असले तरी विमा कंपनी १४ हजार देत नाही. तुमच्या एस्टिमेटची फोड साधारण अशी धरू : दाराच्या डेंटिंगची मजुरी २,०००, दार आणि बंपर यांचे रंगकाम ८,०००, नवा बंपर ४,०००. झीरो डेप नसलेल्या पॉलिसीत प्रत्येक बाबीला घसाऱ्याचा वेगळा नियम लागतो. मजुरीवर घसारा नाही, म्हणून ती पूर्ण मिळते. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा लागतो, मग गाडी चार महिन्यांची असो की चार वर्षांची. म्हणजे बंपरचे २,००० तुमच्याकडे राहिले. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग हा रंगाचा माल समजतात आणि तेवढ्याच भागावर ५० टक्के घसारा लावतात. ८ हजारांतले २ हजार माल, त्याचे निम्मे १,००० कापले गेले. शेवटी दर क्लेममागे सक्तीची वजावट असते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती १,००० रुपये आहे, त्यावरच्या गाडीला २,०००. तुम्ही प्रीमियम कमी व्हावा म्हणून ऐच्छिक वजावट घेतली असेल, तर तीही यात मिळवा.

एकूण ४,००० तुमच्या खिशातून गेले आणि कंपनीने दिले १०,०००. पहिला आकडा हा. दाराचा पत्राच बदलावा लागला असता, तर धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लागला असता. तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के असतो.

आता दुसरा आकडा. इथे बहुतेकांचा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक म्हणजे बोनस पूर्ण प्रीमियमवर मिळतो असे धरणे. तुम्ही ११ हजार भरले, तर पुढचा ४५ टक्के बोनस म्हणजे पाच हजारांची सूट, असा तुमच्या वडिलांचा समज असू शकतो. प्रत्यक्षात बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, म्हणजे ओन डॅमेज किंवा 'ओडी' प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. जून २०२२पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो ३,४१६ रुपये आहे. तुम्ही कितीही सांभाळून गाडी चालवली तरी त्यात बोनसची सूट नाही. चालक-मालकाच्या अपघात विम्याचे पैसेही वेगळे. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या ११ हजारांतून हे वजा करत गेलो, तर सध्याचा ३५ टक्के बोनस मिळण्याआधीचा ओडी प्रीमियम साडेआठ हजारांच्या आसपास निघतो. अंदाजावर राहू नका. पॉलिसीच्या कागदावर ओडी प्रीमियम आणि त्याखाली वजा केलेला बोनस अशा दोन ओळी असतात. त्यातली वरची रक्कम तुमची.

दुसरी चूक अधिक महाग पडते. लोक फक्त पुढच्या वर्षाचा तोटा मोजतात. बोनसची शिडी अशी आहे : लागोपाठ एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, दोन वर्षे नसेल तर २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. एक क्लेम झाला की एखादी पायरी खाली यावे लागते असे नाही, थेट जमिनीवर यावे लागते. वर पुन्हा एकेक पायरीनेच चढता येते. म्हणून तोटा एका वर्षाचा नसतो, पुन्हा ५० टक्क्यांवर पोचेपर्यंतच्या सगळ्या वर्षांचा असतो.

तुमच्या गाडीसाठी तो मांडून पाहू. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी उतरते, त्यामुळे ओडी प्रीमियमही थोडा थोडा उतरत जाईल. पुढच्या पाच नूतनीकरणांसाठी बोनसआधीचा ओडी ८,०००, ७,४००, ६,९००, ६,४०० आणि ६,००० असा धरतो.

- पहिले नूतनीकरण : क्लेम नसता तर ४५ टक्के, केला तर शून्य. तोटा ३,६०० रुपये.
- दुसरे : ५० टक्क्यांऐवजी २०. तोटा २,२२० रुपये.
- तिसरे : ५० ऐवजी २५. तोटा १,७२५ रुपये.
- चौथे : ५० ऐवजी ३५. तोटा ९६० रुपये.
- पाचवे : ५० ऐवजी ४५. तोटा ३०० रुपये.

सहाव्या नूतनीकरणाला दोन्ही वाटा ५० टक्क्यांवर येऊन मिळतात. बेरीज ८,८०५ रुपये. त्यावरचा जीएसटी धरला की सुमारे १०,४००. पुढच्या वर्षाच्या साडेतीन-चार हजारांवर नजर ठेवणाऱ्याला उरलेले सहा हजार दिसतच नाहीत, कारण ते चार वर्षांत तुकड्यातुकड्याने जातात.

आता दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा. क्लेम केला तर खिशातले ४,००० आणि बोनसचे १०,४०० मिळून काम तुम्हाला १४,४०० रुपयांना पडले. क्लेम न करता सर्व्हिस सेंटरलाच पैसे भरले तर १४,०००. तराजू जवळजवळ सारखा. इथेच बरेच जण म्हणतात, "मग सारखेच आहे तर क्लेमच करू, आत्ता पैसे नकोत." पण तिसरा आकडा अजून काढायचा राहिला आहे.

तिसरा आकडा म्हणजे क्लेम न करता हे काम तुम्हाला चालेल अशा दर्जात कमीत कमी कितीत होईल. सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट हा एक भाव झाला, एकमेव भाव नव्हे. क्लेमचे काम म्हटले की तिथे भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे कल असतो. पैसे स्वतःचे असतील तर प्रश्न बदलतात. बंपरचा कोपरा चिरला असला, पण तो लटकत नसेल आणि आतले क्लिप शाबूत असतील, तर प्लॅस्टिक वेल्डिंग करून रंग देता येतो. दाराचा पोचा बसका असेल आणि रंगाला तडा गेला नसेल, तर पत्रा आतून हळूहळू दाबून सपाट करणारे कारागीर असतात. त्यात लांबी भरावी लागत नाही आणि रंगही लागत नाही. पोच्यावर धारदार घडी पडली असेल किंवा तो दाराच्या कडेवर असेल, तर मात्र ही पद्धत चालत नाही. ओळखीच्या, रंगाची भट्टी असलेल्या गॅरेजमध्ये हे सगळे मिळून साडेसात हजारांत झाले असे समजा. मग तुलना १४,४०० आणि १४,००० अशी राहत नाही, १४,४०० आणि ७,५०० अशी होते. तुमच्या बाबतीत उत्तर इथे ठरते. दोन गॅरेजचे भाव घ्या. त्यातला एखादा पसंत पडला, तर क्लेम करू नका.

झीरो डेप असते तर? घसाऱ्याची ३,००० रुपयांची कपात झाली नसती. खिशातून फक्त वजावटीचे १,००० गेले असते. क्लेमने काम ११,४०० ला पडले असते, सर्व्हिस सेंटरच्या रोख दरापेक्षा २,६०० नी स्वस्त. बाहेरच्या गॅरेजपेक्षा तरीही महाग. म्हणजे कंपनीचाच रंग, कंपनीचाच बंपर आणि सर्व्हिस सेंटरचीच पावती हवी असा आग्रह असेल, तर झीरो डेपवाल्याने क्लेम करणे शहाणपणाचे. आग्रह नसेल तर नाही. तुमच्या पॉलिसीत बोनस संरक्षणाचे ॲड-ऑन असेल, तर गणित उलटते : ठरलेल्या संख्येपर्यंत क्लेम करूनही बोनस टिकतो आणि खर्च फक्त कपातीचा उरतो. मात्र ती संख्या वर्षाला किती, हे पॉलिसीत वाचा. पार्किंगच्या खांबावर ती खर्च करायची की नाही, हे ठरवावे लागेल.

आपल्या गाडीसाठी हा हिशेब झटपट करायचा असेल, तर एक आडाखा देतो. तुम्ही शिडीवर कुठे आहात, त्यावर एका क्लेमची खरी किंमत ठरते. येत्या नूतनीकरणाला पहिला, म्हणजे २० टक्क्यांचा बोनस मिळायचा असेल, तर एकूण तोटा एका वर्षाच्या बोनसआधीच्या ओडी प्रीमियमच्या निम्मा. २५ टक्के मिळायचा असेल तर सुमारे पाऊण पट, ३५ असेल तर साधारण एक पट, आणि ४५ किंवा ५० असेल तर सव्वा पट. यात जीएसटी रक्कम थोडी वाढवतो आणि गाडीची उतरती किंमत थोडी घटवते. क्लेममधून हातात येणारी रक्कम यापेक्षा बरीच जास्त असेल, दीडपट-दुप्पट, तर क्लेम करा. जवळपास असेल तर करू नका. याचे कारण असे की, विमा कंपन्या बोनसखेरीज स्वतःची सवलतही देतात आणि क्लेम झालेल्या गाडीला ती पुढच्या वर्षी कमी होऊ शकते. ते नुकसान या आडाख्यात धरलेले नाही.

या आडाख्यात एक गृहीतक लपलेले आहे. पुढची पाच वर्षे तुम्ही क्लेमच करणार नाही, असे आपण धरले. ज्याला दर दीड-दोन वर्षांनी काही ना काही होते, त्याचा बोनस तसाही टिकणार नसतो, म्हणून त्याचा तोटा कमी असतो. तुम्हाला चार वर्षांत काही झालेले नाही, तेव्हा तुमच्यासाठी पूर्ण आकडाच धरणे योग्य. याचीच दुसरी बाजू अशी : ज्या वर्षात एक क्लेम झालेला आहे, त्या वर्षातल्या दुसऱ्या क्लेमला बोनसचा आणखी तोटा होत नाही, कारण शून्याच्या खाली पायरी नाही. तिथे विचार फक्त वजावटीचा आणि घसाऱ्याचा करायचा. झीरो डेपमध्ये मात्र वर्षाला किती क्लेम चालतील यावर मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी दोन, तेवढे पाहून घ्या.

आता काही अपवाद, ज्यांत हा हिशेब बाजूला ठेवायचा. कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर पोच्याचा भाव न पाहता कंपनीला लगेच कळवा. आणि बाहेरून लहान दिसणारा धक्का पुढच्या बाजूला लागला असेल, तर बंपरमागचा ब्रॅकेट, सेन्सर आणि हेडलॅम्प तपासून घेतल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आजकालच्या एलईडी हेडलॅम्पची किंमत बंपरपेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्याचा बसण्याचा कान तुटला तरी बरेचदा पूर्ण दिवा बदलावा लागतो.

प्रश्न : लहानसहान पोचे आणि ओरखडे साठवून, दोन-तीन वर्षांनी एकदाच क्लेम करून पूर्ण गाडी रंगवून घ्यावी, असे माझ्या दिराचे म्हणणे आहे. असे चालते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही युक्ती खूप प्रचलित आहे आणि खूपदा फसते. पॉलिसी प्रत्येक अपघाताला वेगळी घटना मानते. सक्तीची वजावटही दर घटनेला वेगळी. क्लेमच्या फॉर्मवर तारीख, वेळ, ठिकाण आणि घटना कशी घडली हे लिहावे लागते, आणि सर्व्हेअर नुकसान त्या घटनेशी जुळते का ते पाहतो. डाव्या बाजूने खांबाला घासलेल्या गाडीच्या उजव्या फेंडरवर ओरखडा कसा येईल? जुन्या पोच्याच्या कडेला धूळ साचलेली असते, उघड्या पत्र्यावर गंज धरलेला असतो. हे पाहून तो 'जुने नुकसान' असे लिहितो आणि तेवढा भाग वगळतो. सगळे एकाच घटनेत झाले असे खोटे लिहिले, तर पूर्ण क्लेम नाकारला जाऊ शकतो. आणि अपघात लगेच कळवणे ही पॉलिसीची अट आहे. दोन वर्षांपूर्वीचा पोचा आज कळवता येत नाही.

म्हणून क्लेम न करण्याचे ठरले, तर तो ओरखडा कसा ठेवायचा याचाही निर्णय त्याच दिवशी करा. नखाची परीक्षा सोपी आहे. ओरखड्यावर आडवे नख फिरवा. नख अडकत नसेल, तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि रबिंग-पॉलिशने बरेचदा निघून जातो. नख अडकते आणि तळाशी करडा प्रायमर किंवा चकाकता पत्रा दिसतो, तर तो भाग उघडा सोडू नका. कोकणात आणि सांगली-कोल्हापूरच्या पावसाळ्यात असा पत्रा लवकर गंजतो, मग रंगाखालून फुगे येतात आणि लहान काम मोठे होते. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने गंजत नाही, तो दिसायला चालत असेल तर कितीही दिवस तसाच ठेवा.

प्रश्न : आम्ही क्लेम नोंदवला, पण आता हिशेब केल्यावर मागे घ्यावासा वाटतो. बोनस वाचेल का? आणि वर्षभरात गाडी विकून नवी घ्यायची आहे, त्याचा काही फरक पडतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कंपनीने एक पैसाही दिलेला नसेल, तर क्लेम मागे घेता येतो आणि सहसा बोनस राहतो. पण 'फोनवर सांगितले आहे' यावर विसंबू नका. क्लेम क्रमांक लिहून ईमेलने मागे घेतल्याचे कळवा आणि 'रक्कम न देता क्लेम बंद केला' असे उत्तर जपून ठेवा. पुढच्या वर्षी कंपनी बदलणार असाल तर हा कागद महत्त्वाचा ठरतो, कारण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची खातरजमा करते. क्लेम झालेला असताना 'झालेला नाही' असे लिहून बोनस घेणारेही भेटतात. अशा खोट्या निवेदनाची शिक्षा जबर आहे : पुढे मोठा अपघात झाल्यावर ही गोष्ट उघड झाली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पूर्णच नाकारली जाऊ शकते. सगळ्यात बरे म्हणजे आधी एस्टिमेट, मग हिशेब, मग क्लेम. एस्टिमेट काढायला क्लेम नोंदवावा लागत नाही. नुकसानीचे फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा आणि निर्णय एक-दोन दिवसांत घ्या.

नव्या गाडीचा फरक पडतो, आणि तो बोनस जपण्याच्याच बाजूने पडतो. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना तो खरेदीदाराकडे जात नाही. कंपनीकडून बोनसचे पत्र घेतले की तो तुमच्या नव्या गाडीला लावता येतो आणि ते पत्र तीन वर्षे चालते. कारचा बोनस कारलाच लागतो, स्कूटरचा बोनस कारला चालत नाही. नव्या गाडीची किंमत जास्त, म्हणून ओडी प्रीमियमही जास्त. ठाण्याच्या वाचकांच्या उदाहरणात जुन्या गाडीच्या ८ हजारांवर ४५ टक्के म्हणजे ३,६०० होते. नव्या गाडीचा ओडी २० हजार असेल, तर तेच ४५ टक्के पहिल्याच वर्षी ९,००० होतात. आज विकायच्या गाडीच्या दारावर केलेला क्लेम तुम्ही नव्या गाडीच्या दराने फेडता. गाडी विकायचीच असेल, तर पोचा तसाच ठेवून भावात हजार-दोन हजार कमी घेणेही कधी कधी स्वस्त पडते.

एक शेवटची सूचना. जुनी गाडी ठेवणार असाल, तर नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर चार वर्षे क्लेम न करता जमवलेला बोनस एकही क्लेम न करता शून्य होतो. ठाण्याच्या वाचकांनी दाराचा पोचा गॅरेजमध्ये देण्याआधी ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.